सही कुणाची, सिम कुणाचं?

डीमॅट खातं उघडताना, कर्जाचा करार करताना किंवा निवृत्तिवेतनाच्या योजनेत नाव घालताना शेवटी एक पान येतं. आधार क्रमांक भरायचा, संमतीच्या चौकोनात खूण करायची आणि ओटीपी मागवायचा. काही सेकंदांत फोन वाजतो. आलेले सहा आकडे टाकले की पडद्यावर हिरवी खूण उमटते. ही नुसती ओळख पटवण्याची पायरी आहे, सही पुढे कुठेतरी करावी लागेल, असं बहुतेकांना वाटतं. पण सही तिथेच होऊन गेलेली असते. या व्यवहारात त्या सहा आकड्यांपलीकडे दुसरी सही नाही, आणि कायदा तिला शाईच्या सहीइतकंच मानतो.

म्हणून तो कोड कुठल्या नंबरावर जातो हा प्रश्न फार मोठा आहे. तो नंबर ज्याच्या खिशात, त्याच्या हाती आपली सही. आणि आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आधारला जोडलेला नंबर आज आपल्या खिशात नाही, हे मी गेल्या वर्षभरात घरात, नात्यात आणि आधार केंद्रांवरच्या रांगांत पाहिलं आहे.

आधी सही नेमकी होते कशी ते बघू. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्या काळी संगणकावर सही करायची तर आधी प्रमाणपत्र विकत घ्यावं लागे. ते एका छोट्या यूएसबी डोंगलमध्ये मिळत असे. सनदी लेखापाल, वकील, कंत्राटदार आजही तेच वापरतात. सामान्य माणूस एका अर्जासाठी डोंगल कशाला घेईल? म्हणून २०१५ मध्ये केंद्र सरकारने नवे नियम केले आणि ‘ई-साइन’ आलं. आधार असलेला कुणीही डोंगलशिवाय, त्या घटकेपुरतं प्रमाणपत्र मिळवून सही करू शकेल अशी ही सोय. ती पुरवण्याचा परवाना मोजक्या संस्थांकडे आहे. पुण्यात मुख्यालय असलेलं सी-डॅक त्यांपैकी एक, तिच्या सेवेचं नाव ‘ई-हस्ताक्षर’.

पुण्यातल्या अशाच एका सेवेत काम केलेल्या एका अभियंता मैत्रिणीने मला हा सगळा प्रवास कागदावर काढून दाखवला. तुम्ही डीमॅट कंपनीच्या पानावर सही करायला बसता, तेव्हा तुमचा अर्ज त्या कंपनीच्या संगणकातून बाहेर जातच नाही. त्या अर्जावरून गणिती पद्धतीने चौसष्ट अक्षर-अंकांची एक ओळ तयार होते, तिला हॅश म्हणतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखीच ती त्या एका दस्तऐवजाची असते. अर्जातला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी ओळ बदलते. सही देणाऱ्या संस्थेकडे एवढीच ओळ पोचते. ती संस्था तुमचा आधार क्रमांक घेऊन आधार प्राधिकरणाकडे, म्हणजे यूआयडीएआयकडे, जाते आणि या माणसाला कोड पाठवा म्हणते. प्राधिकरण आपल्या नोंदीत त्या आधारपुढे लिहिलेला मोबाइल नंबर बघतं आणि तिथे कोड पाठवतं. तो दहा मिनिटं चालतो.

तुम्ही कोड भरलात आणि तो जुळला, की प्राधिकरण तुमचं नाव, पत्ता, छायाचित्र ही माहिती सही करणाऱ्या संस्थेला देतं. त्या क्षणी तिच्या सुरक्षित यंत्रात तुमच्यासाठी किल्ल्यांची एक जोडी तयार होते आणि तुमच्या नावाचं प्रमाणपत्र निघतं. त्याची मुदत तीस मिनिटं असते. त्यातली खासगी किल्ली वापरून त्या चौसष्ट अक्षरांच्या ओळीवर सही होते आणि लगेच ती किल्ली नष्ट केली जाते. सही झालेला मजकूर कंपनीकडे परत येतो आणि पीडीएफमध्ये चिकटवला जातो. हे सगळं व्हायला काही सेकंद पुरतात.

आराखडा बघताना मी विचारलं, “यात माणूस कुठे आहे?” तिने आधार प्राधिकरणाकडून निघून मोबाइलकडे जाणाऱ्या बाणावर बोट ठेवलं. “इथे. फक्त इथे. बाकी सगळं एका यंत्राचं दुसऱ्या यंत्राशी बोलणं.”

त्या बाणाबद्दल तीन गोष्टी तिने सांगितल्या, त्या प्रत्येकाने समजून घ्याव्यात. कोड कुठे जाईल हे तुम्ही ठरवत नाही आणि डीमॅट कंपनीही ठरवत नाही. अर्जात तुम्ही आजचा नंबर कितीही अचूक लिहिला असला तरी कोड जाणार आधारच्या नोंदीतल्या नंबरावर. ही व्यवस्थेची ताकद आहे, कारण एखाद्या एजंटाला अर्जात स्वतःचा नंबर घालून तुमची सही करता येत नाही. पण आधारची नोंदच चुकलेली असेल तर हीच ताकद उलटी फिरते. दुसरं असं की कोड जुळला म्हणजे ते सिम ज्याच्या हातात होतं त्याने आकडे वाचले, एवढंच सिद्ध होतं. ते हात कुणाचे होते, हे त्या यंत्राला दिसत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली. बँकेतून पैसे जाताना येणाऱ्या संदेशात रक्कम असते, दुकानाचं नाव असतं. पाचशेच्या जागी पन्नास हजार दिसले तर आपण थांबतो. आधारच्या कोडाच्या संदेशात कोड असतो, आधारचे शेवटचे चार आकडे असतात, मुदत असते. सही कशावर होते आहे, कर्जाच्या करारावर की नामनिर्देशनावर, हे त्यात नसतं. असूच शकत नाही, कारण आधार प्राधिकरणापर्यंत दस्तऐवज काय, त्याची ती चौसष्ट अक्षरंही पोचलेली नसतात. खासगीपण जपण्यासाठी ते योग्यच आहे. पण त्यामुळे सही करणाऱ्याला शेवटच्या क्षणी सावध करणारं कुणी उरत नाही. फोनवर “काका, तुमचं केवायसी अपडेट करतोय, आलेला नंबर सांगा” असं म्हणणाऱ्याला कोड सांगणारा माणूस कशावर सही करतोय, हे त्या संदेशावरून त्याला कळायला मार्गच नसतो.

आता माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. आत्या मिरजेला असते, शाळेतून निवृत्त झाली. काका गेले तेव्हा तिच्या डीमॅट खात्यावर नामनिर्देशित म्हणून त्यांचंच नाव होतं. तिला ते बदलून मुलीचं नाव घालायचं होतं. हे काम ई-सहीने घरबसल्या होतं. तिने स्वतः लॅपटॉपवर सगळं भरलं, आधार क्रमांक टाकला आणि कोडाची वाट बघत बसली. कोड आला नाही. तिने ‘पुन्हा पाठवा’वर टिचकी दिली. तरी नाही. आणखी दिली. मग मला फोन केला. “अरे, नेटवर्क पूर्ण आहे. बँकेचे मेसेज येतायत. हाच कसा येत नाही?”

मी तिला पानावरची ओळ नीट वाचायला सांगितली. लिहिलं होतं, कोड आधारशी जोडलेल्या मोबाइलवर पाठवला आहे, आणि पुढे फुल्यांमागे त्या नंबराचे शेवटचे आकडे होते. ते तिचे नव्हते. तिला आठवेना. माझ्या चुलतभावाला फोन लावल्यावर उलगडा झाला. शाळेत आधारचं शिबिर भरलं तेव्हा आत्याकडे मोबाइल नव्हता. ऑपरेटरने नंबर विचारला, सोबत गेलेल्या पुतण्याने स्वतःचा सांगितला. पुढे तो मस्कतला नोकरीला गेला आणि ते सिम बंद पडलं. म्हणजे आत्या ‘पुन्हा पाठवा’ म्हणत होती तेव्हा प्रत्येक वेळी कोड जात होता. पोचत होता तो मात्र, तो नंबर आज ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे.

बंद पडलेला नंबर दुसऱ्याला कसा मिळतो, असं आत्याने विचारलं. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०२३ मध्ये तिथल्या एका याचिकेत दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, सांगितलं की वापर नसल्यामुळे किंवा ग्राहकाच्या सांगण्यावरून बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही. याचाच दुसरा अर्थ, त्यानंतर तो देता येतो. देशात दहा आकडी नंबर मर्यादित आहेत, ते फिरवत राहावेच लागतात. जुन्या नंबराशी जोडलेली आपली खाजगी माहिती सांभाळणं हे त्या जुन्या ग्राहकाचं काम, असं न्यायालयाने म्हटलं. ते प्रकरण व्हॉट्सअॅपच्या माहितीचं होतं, पण तत्त्व आधारलाही लागू पडतं. सिम बंद झालं म्हणून आधारची नोंद आपोआप पुसली जात नाही. पुतण्याने सिम सोडलं तेव्हा त्या नंबरामागे आत्याचा आधार आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आता त्या नव्या ग्राहकाच्या बाजूने बघू. तो बिचारा बहुधा साधा माणूस असेल. त्याच्या फोनवर इंग्रजीत काही संदेश आले, कुणाच्या तरी आधारचे शेवटचे चार आकडे दिसले, त्याने ते पुसून टाकले. ९९ वेळा एवढंच घडतं. पण शंभरावा माणूस वाईट निघाला तर त्याला काय लागेल? कोड त्याच्याकडे येतोच आहे. मग उरतो आधार क्रमांक. आणि आधार क्रमांक गुपित राहिलेला देश हा नाही. लॉजच्या नोंदवहीत, सिमकार्डाच्या दुकानात, भाड्याच्या कराराच्या फाइलीत, झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर त्याच्या प्रती पडलेल्या आहेत. आधार क्रमांक आणि कोड अशा दोन कुलपांपैकी पहिलं कधीच उघडं पडलेलं आहे. सगळा भार एकट्या नंबरावर आहे.

दोन्ही हाती असलेल्या माणसाला आधारच्या संकेतस्थळावर आत्याच्या नावाने शिरता येतं, तिचं ई-आधार उतरवून घेता येतं, आणि ई-साइनच्या पानावर तिच्या नावाची सही करता येते. ती सही बनावट शाईच्या सहीसारखी वळणावरून ओळखता येणार नाही. प्रमाणपत्र खरं, नाव खरं, वेळ खरी. न्यायालयात ती तज्ज्ञाकडे पाठवली तर तो म्हणेल, सही शुद्ध आहे. ती आपण केली नाही हे सांगायचं काम आत्याच्या माथी येईल, आणि त्यासाठी तिला दाखवावं लागेल की त्या दिवशी तो नंबर आपल्याकडे नव्हता. दूरसंचार कंपनीच्या नोंदींतून ते दाखवता येतं, पण पोलिस तक्रार, पत्रव्यवहार, हेलपाटे यांतून जाऊनच.

घाबरवणं हा हेतू नाही, म्हणून हेही सांगायला हवं की सही झाली म्हणजे पैसे हाती पडले असं होत नाही. कर्ज देणारी संस्था पॅन तपासते, रक्कम त्याच नावाच्या बँक खात्यात टाकते, बरेचदा व्हिडिओवर चेहरा बघते. रिझर्व्ह बँकेनेही आधार-ओटीपीवर पूर्ण भिस्त ठेवलेली नाही. समोरासमोर न येता केवळ या कोडावर उघडलेल्या खात्यात एकूण शिल्लक एक लाख रुपयांच्या वर जाऊ देत नाहीत, वर्षभरात दोन लाखांहून जास्त जमा होऊ देत नाहीत, आणि अशा खात्यावर वर्षात साठ हजारांपेक्षा जास्त मुदतकर्ज देत नाहीत. वर्षभरात पूर्ण ओळख पटवली नाही तर खातं चालू ठेवता येत नाही. या मर्यादा वाचल्या की कळतं, कोडाने फक्त सिम सिद्ध होतं, माणूस नव्हे, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक आहे.

मात्र त्याच नियमांत आणखी एक अट आहे, आणि चुकीच्या नंबराच्या बाबतीत ती फार बोलकी आहे. अशा खात्याचे सगळे इशारे आणि कोड फक्त आधारला जोडलेल्या मोबाइलवरच पाठवायचे. नंबर तुमचा असेल तर हे तुमचं संरक्षण आहे. कुणी तुमच्या नावाने खातं उघडलं तर पहिला निरोप तुम्हालाच येईल. नंबर परक्याचा असेल तर सही त्याची, खात्याचे निरोपही त्यालाच. तुम्हाला कळेल ते वसुलीचा माणूस दारात आल्यावर किंवा पुढच्या कर्जाच्या वेळी तुमचा क्रेडिट अहवाल काढल्यावर.

परका माणूस हा धोक्याचा एक प्रकार झाला. आपल्याकडे त्याहून जास्त आढळतो तो घरातल्या नंबराचा प्रकार. एका मोबाइलला किती आधार जोडावेत यावर प्राधिकरणाने मर्यादा घातलेली नाही. कारण उघड आहे, घरात एकच फोन असलेली लाखो कुटुंबं आहेत. त्यामुळे आईच्या, सासूच्या, बहिणीच्या आधारपुढे घरातल्या एखाद्या कर्त्या पुरुषाचा नंबर असतो. आधार केंद्रावर मी अर्धा दिवस बसलो होतो, तिथला ऑपरेटर म्हणाला, “साहेब, बायका आल्या की नंबर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. आणि भांडण झालं की बदलायला येतात.” त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. त्याच सकाळी सांगलीजवळच्या गावातली एक बाई माहेरी परत आली म्हणून नंबर बदलून घेत होती. तिच्या नावावर बचत गटाच्या बाहेरचं एक छोटं डिजिटल कर्ज निघालं होतं. करार तिने पाहिला नव्हता, पैसे नवऱ्याने वापरले होते. तिच्या सहीचा कोड त्याच्या फोनवर आला होता आणि त्याने भरला होता. तिला विचारावंसंही कुणाला वाटलं नव्हतं.

जमिनीच्या बाबतीत कायद्याने अजून एक भिंत राखली आहे. मृत्युपत्र ई-सहीने होत नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्यातूनच ते वगळलं आहे. हक्कसोडपत्र किंवा खरेदीखत यांसाठी दुय्यम निबंधकासमोर जाऊन अंगठा आणि छायाचित्र द्यावं लागतं. बहिणीच्या हक्काची जमीन तिच्या भावाच्या फोनवर आलेल्या कोडाने जाईल, अशी वेळ आज नाही. पण खाती, कर्ज, विमा, गुंतवणूक यांत ती आलेली आहे.

घरभाड्याचा ऑनलाइन करार अनेकांनी केलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना केली तर फरक पटकन कळेल. महाराष्ट्रात असा करार नोंदवताना एजंट ठशाचं यंत्र घेऊन घरी येतो, तुम्ही अंगठा ठेवता, आधारशी तो जुळवला जातो. अंगठा चुकीच्या माणसाकडे जाऊ शकत नाही. पण म्हाताऱ्यांचे, शेतमजुरांचे, धुणीभांडी करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. शिवाय प्रत्येकाच्या घरी यंत्र नेणं शक्य नाही. कोड त्या अडचणीवरचा उपाय म्हणून आला. सोय झाली, आणि माणसाच्या बोटाची जागा सिमने घेतली.

इथे आणखी एका घोटाळ्याकडे लक्ष वेधायला हवं, कारण दोन वेगळ्या गोष्टी लोक एकच समजतात. नोकरीचं नेमणूकपत्र, फ्लॅटच्या दुरुस्तीचं कंत्राट, वर्गाच्या शुल्काचा करार असे कागद हल्ली ईमेलवर दुवा पाठवून ‘साइन’ करून घेतात. तिथेही फोनवर कोड येतो. पण तो आधारचा नसतो. पाठवणाऱ्याने जो नंबर टाइप केला त्यावर तो जातो. इथे आधार क्रमांक विचारत नाहीत, प्रमाणन संस्थेचं प्रमाणपत्र निघत नाही. नुसता इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून असा करार रद्द ठरत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. मात्र सही तुमचीच हे सिद्ध करायची वेळ आली तर पाठवणाऱ्याकडे दाखवायला असतो तो एवढाच पुरावा, की अमुक नंबरावर कोड गेला आणि भरला गेला. आता तो नंबर टाइप करताना एक आकडा चुकला असेल, किंवा काम लवकर उरकावं म्हणून एजंटने दोन्ही बाजूंना स्वतःचेच नंबर घातले असतील, तर त्या कागदावर दोन्ही सह्या एजंटच्या आहेत. कर सल्लागारांच्या कार्यालयांत ही सवय फार जुनी आहे. ग्राहकाला वारंवार फोन करायला नको म्हणून मोबाइलच्या रकान्यात कार्यालयाचा नंबर. ग्राहकालाही ते सोयीचं वाटतं. माझ्या मते ही सोय नाकारावी, भलेही सल्लागार वीस वर्षांचा ओळखीचा असो.

आपल्या हाती आलेल्या पीडीएफवर यांपैकी कुठली सही आहे, हे कुणालाही तपासता येतं. संगणकावर पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून सहीच्या चौकटीवर टिचकी द्या आणि प्रमाणपत्र बघा. आधारची ई-सही असेल तर नाव, राज्य, पिनकोड, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव आणि अर्ध्या तासाची ती मुदत दिसेल. मुदत संपलेली दिसली म्हणून घाबरू नका, सही त्या अर्ध्या तासात झाली एवढंच बघायचं. बरेचदा तिथे ‘वैधता अज्ञात’ अशा अर्थाचा इशाराही येतो. भारतीय प्रमाणन संस्थांचं मूळ प्रमाणपत्र त्या सॉफ्टवेअरच्या विश्वासाच्या यादीत नसल्याने तो येतो, सही खोटी असल्याने नव्हे. टिचकी देऊनही काहीच उघडलं नाही, नुसतं नागमोडी अक्षरातलं नावाचं चित्र असेल, तर ती आधारची ई-सही नाही. मग शेवटच्या पानावर सहीचा तपशील असतो का बघा. त्यात कोड कुठल्या नंबरावर गेला ते असेल, आणि तो नंबर तुमचा आहे का हे तुमच्याहून चांगलं कोण सांगणार.

आत्याच्या कामाचं पुढे काय झालं? आधी आम्ही आधारच्या संकेतस्थळावर तिचा क्रमांक घालून वैधता तपासायचं पान उघडलं. त्यासाठी कोड लागत नाही. वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे तिथे दिसतात. ते चुलतभावाच्या जुन्या नंबराचेच होते, शंका फिटली. मग ती टपाल कार्यालयातल्या आधार केंद्रावर गेली. मोबाइल नंबर बदलायला कुठलाही दाखला लागला नाही, स्वतः जावं लागलं. बोटांचे ठसे दोनदा नाकारले गेले, मग डोळ्यांचं स्कॅन जुळलं. पंचाहत्तर रुपये शुल्क, पावती, आणि काही दिवसांत तिच्या स्वतःच्या फोनवर नोंद बदलल्याचा संदेश. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन घरी येऊनही हे काम करतात.

नंबर बदलल्यावर आम्ही आणखी एक गोष्ट केली. मधल्या काळात कुणी तिचा आधार वापरला का ते पाहिलं. आधारच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात शिरलं की गेल्या सहा महिन्यांतल्या पडताळण्यांची यादी मिळते. तारीख, वेळ, पडताळणी बोटाने झाली की कोडाने, आणि ती मागणाऱ्या संस्थेचं नाव. आत्याच्या यादीत तिचंच रेशन आणि बँक होती. एखादी अनोळखी कोडाची नोंद दिसली असती तर त्या संस्थेला लेखी विचारता आलं असतं, की या दिवशी कशावर सही झाली. आधारला ईमेल जोडून ठेवला तर प्रत्येक पडताळणीची सूचना तिथेही येते. सिम हातचं गेलं तरी ही दुसरी खिडकी उघडी राहते, म्हणून आत्याचा ईमेलही त्याच वेळी जोडून घेतला. आधार क्रमांकाला कुलूप लावायचीही सोय आहे. त्यासाठी आधी सोळा आकडी आभासी क्रमांक घ्यावा लागतो. तो जोडलेल्या मोबाइलवरून १९४७ ला संदेश पाठवून मिळतो, पुढे आपल्या आधारचे शेवटचे चार आकडे:

```
GVID 1234
```

पण हे कुलूपही त्याच मोबाइलवर टेकलेलं आहे. म्हणून आधी नंबर, मग कुलूप, हा क्रम चुकवू नये.

चालू असलेलं सिमही हातातून जाऊ शकतं. कुणी तुमच्या नावाने दुकानात जाऊन बदली सिम काढलं तर तुमचा फोन अचानक मुका होतो. यावर दूरसंचार विभागाने बदली सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवायचा नियम केला आहे, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. हे चोवीस तास तुमच्यासाठी राखलेले आहेत. सगळ्यांच्या फोनला रेंज आहे आणि तुमच्याच नाही असं झालं तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका, दुसऱ्या फोनवरून कंपनीला लगेच विचारा. सोडून दिलेल्या नंबरांच्या बाबतीतही थोडी हालचाल सुरू आहे. कायमच्या बंद झालेल्या नंबरांची यादी सरकार काढतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना त्या यादीशी आपल्या नोंदी ताडून बघायला सांगितलं. बँकेतला जुना नंबर त्यामुळे उशिरा का होईना पकडला जाईल. आधारमधला आपल्यालाच पकडायचा आहे.

दिवाळीत घरचे सगळे एकत्र जमतात. आई-वडील, आजी, आत्या, सासू, ज्यांच्या आधारचं काम कधीकाळी दुसऱ्या कुणी केलं होतं, त्यांच्या शेजारी पाच मिनिटं बसा आणि ते वैधतेचं पान उघडा. शेवटचे तीन आकडे त्यांच्या स्वतःच्या फोनचे नसतील तर भाऊबीज झाल्यावर केंद्रावर घेऊन जा. आणि ज्यांच्या सिमवर घरातल्या दुसऱ्या कुणाचा आधार जोडलेला आहे, त्यांनी तो नंबर सोडण्यापूर्वी त्या माणसाला सांगावं.